फिरत्या वस्तूचा व्हिडिओ दर फेरीला अडखळतो, तो का?

ऑनलाइन दुकानांत हल्ली फोटोंच्या रांगेत एक छोटा व्हिडिओही असतो. वस्तू सावकाश स्वतःभोवती फिरते, फेरी पूर्ण झाली की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लागतो आणि बघणाऱ्याला ती अखंड फिरते आहे असं वाटतं. निदान वाटायला हवं. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी व्हिडिओंत दर फेरीच्या टोकाला वस्तू मंदावते, क्षणभर थबकते आणि मग पुन्हा वेग घेते. एकदा लक्षात आलं की डोळा दुसरीकडे जातच नाही.

अशा चित्रणाला टर्नटेबल म्हणतात. ब्लेंडर हे मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर वापरून ते घरच्या कॉम्प्युटरवर करता येतं, आणि अडखळण्याची कारणंही ब्लेंडरच्याच ठरावीक सवयींत दडलेली आहेत. उदाहरणादाखल एक वस्तू धरू: पुण्याच्या तांबट आळीत मिळतो तसा मठारकाम केलेला तांब्याचा जग. उंची २४ सेंटिमीटर, एका बाजूला कान, अंगभर हातोडीचे बारीक ठोके. ही वस्तू मुद्दाम निवडली, कारण ती चकचकीत आहे आणि एका बाजूला कान असल्यामुळे अगदी गोलही नाही. टर्नटेबलमध्ये जे काही बिघडू शकतं ते हिच्यावर लगेच दिसतं.

तीन शब्द आधी समजून घेऊ. व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र म्हणजे फ्रेम. थ्रीडी दृश्यातून कॉम्प्युटरने ते चित्र तयार करणं म्हणजे रेंडर. आणि ‘अमुक फ्रेमला अमुक कोन’ अशी आपण ठोकलेली खूण म्हणजे कीफ्रेम. दोन खुणांच्या मधलं ब्लेंडर स्वतः भरतं.

## फिरवायचं कोणाला, जगाला की कॅमेऱ्याला?

पहिला विचार येतो तो जगच फिरवण्याचा, आणि त्यात चूक काही नाही. स्टुडिओतल्या खऱ्या फिरत्या चकतीवर तेच होतं: कॅमेरा आणि दिवे जागेवर, वस्तू फिरते. तांब्यावर दिव्यांची चमक एका जागी स्थिर राहते आणि मठारकामाचे ठोके त्या चमकेखालून एकेक करून सरकतात. धातूची सगळी मजा त्या सरकण्यात आहे.

दुसरा मार्ग म्हणजे जग स्थिर ठेवून कॅमेरा त्याच्याभोवती फिरवायचा. यात दिवे जागेवरच राहिले तर पंचाईत होते. कॅमेरा अर्धी फेरी मारून मागे पोहोचतो तेव्हा समोरून पडणारा उजेड आता जगाच्या मागून येत असतो आणि गिऱ्हाइकाला दिसते ती काळवंडलेली बाजू. म्हणून दिवेही कॅमेऱ्याबरोबर फिरवायचे. मग चित्र पहिल्या पद्धतीसारखंच दिसतं.

मी दुसरीच पद्धत सुचवीन, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. कॅटलॉगमध्ये एक जग नसतो. लोटा, पेला, घंगाळ असं बरंच काही असतं. फिरणारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या बाजूला बांधली की वस्तू काढून दुसरी ठेवायची, कीफ्रेमना हात लावायचा नाही.

बांधणी अशी. Add मेनूतून Empty → Plain Axes घ्या. एम्प्टी म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारी नुसती खुंटी. ती दृश्याच्या मध्यबिंदूवर ठेवा. कॅमेरा, दोन उंच एरिया लाइट आणि मागचा वळणदार पडदा निवडून शेवटी एम्प्टी निवडा आणि `Ctrl+P` → Object करा. आता खुंटी फिरली की सगळं तिच्याबरोबर फिरतं. उजेडासाठी मागे ३६० अंशांचा एचडीआरआय फोटो लावला असेल तर मात्र तो या खुंटीला बांधला जात नाही. तो जागेवरच राहतो आणि तांब्यावर त्याचं प्रतिबिंब फिरत जातं. या कामासाठी साधी राखाडी पार्श्वभूमी आणि एरिया लाइट पुरतात.

कॅमेरा गोल कर्व्हवर का चालवायचा नाही, असं कोणी विचारेल. Follow Path वापरून तसं करता येतं, आणि कॅमेऱ्याला लंबगोल किंवा वाकडीतिकडी वाट हवी असेल तेव्हा तेच करावं. पण शुद्ध वर्तुळ हवं असेल तर खुंटीला बांधलेला कॅमेरा आपोआप वर्तुळातच फिरतो. सांभाळायला एक गोष्ट कमी.

## जग भेलकांडतो कशामुळे?

रेंडर झाल्यावर जग जागच्या जागी फिरण्याऐवजी डावी-उजवीकडे झोके घेताना दिसला तर दोष वेगाचा नसतो. जगाचा अक्ष आणि खुंटी एका रेषेत नसतात.

ब्लेंडरमध्ये प्रत्येक वस्तूला ओरिजिन नावाचा एक केशरी ठिपका असतो. पुष्कळ जण Object → Set Origin → Origin to Geometry करून तो ‘मध्यावर’ आणतात. पूर्ण गोल पेल्याला ते चालतं. आपल्या जगाला एका बाजूला कान आहे, त्यामुळे ब्लेंडरने काढलेला मध्य कानाकडे सरकतो. तो सरकलेला मध्य खुंटीवर बसवला की भांड्याचा खरा अक्ष बाजूला पडतो आणि भांडं भेलकांडतं.

उपाय असा. Edit Mode मध्ये जाऊन जगाच्या बुडाची गोल कड `Alt` दाबून क्लिक करत पूर्ण निवडा. `Shift+S` → Cursor to Selected केलं की थ्रीडी कर्सर बरोबर त्या वर्तुळाच्या केंद्रात येतो. Object Mode मध्ये परत येऊन Set Origin → Origin to 3D Cursor, आणि मग `Alt+G`. जगाच्या बुडाचं केंद्र आता थेट खुंटीवर आहे. तपासायचं असेल तर `Numpad 7` दाबून वरून बघा. तोंडाचं वर्तुळ खुंटीभोवती चहूबाजूंनी सारखं दिसलं पाहिजे.

## कॅमेरा किती लांब?

ब्लेंडरचा कॅमेरा सुरुवातीला ५० मिलिमीटरच्या लेन्सवर असतो. या लेन्सने चौकोनी चित्रात जग साधारण सत्तर टक्के उंची भरेल असा घ्यायचा तर कॅमेरा खुंटीपासून जेमतेम ४७ सेंटिमीटरवर येतो. जगाचा कान अक्षापासून १० सेंटिमीटर बाहेर आहे. फिरताना तो कॅमेऱ्याच्या बाजूला येतो तेव्हा ३७ सेंटिमीटरवर असतो आणि मागे जातो तेव्हा ५७ वर. म्हणजे एका फेरीत कान दीडपट मोठा होऊन परत लहान होतो. भांडं फुगल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाइकाला आकाराचा अंदाज येत नाही.

Focal Length ८५ करा आणि कॅमेरा ८० सेंटिमीटरवर न्या. जग चित्रात तेवढाच दिसेल, पण कानाच्या आकारातला फरक सव्वापटीच्या आसपास येईल. याहून लांबची लेन्स घेतली तर वस्तू चपटी, कागदावर काढल्यासारखी वाटू लागते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना ८५ बरी पडते.

## मुख्य दोष: फेरीच्या टोकाला होतं काय?

आता खुंटी फिरवू. व्हिडिओ ८ सेकंदांचा, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एकूण २४० फ्रेम. पहिल्या फ्रेमला Rotation Z शून्य ठेवून त्या रकान्यावर माउस नेऊन `I` दाबा, कीफ्रेम बसली. दुसरी कुठे ठोकायची? सहज हात जातो २४० वर: २४० व्या फ्रेमला ३६० अंश. इथेच गफलत होते, आणि तीही दोन प्रकारची.

पहिली गफलत मोजणीची. शून्य अंश आणि ३६० अंश ही एकच दिशा आहे, त्यामुळे पहिली आणि २४० वी फ्रेम तंतोतंत सारखी होते. व्हिडिओ पुन्हा सुरू झाला की तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं. घड्याळाच्या तबकडीवर बारा आकडे असतात, शून्य आणि बारा मिळून तेरा कोणी छापत नाही, तसंच हे. म्हणून ३६० अंशांची कीफ्रेम २४१ व्या फ्रेमला ठोका आणि Output पॅनेलमध्ये End मात्र २४० ठेवा. २४१ वी फ्रेम कधीच रेंडर होणार नाही. तिच्या जागी पुन्हा पहिली येईल. प्रत्येक फ्रेमला आता बरोबर दीड अंश सरकतं.

दुसरी गफलत वेगाची, आणि डोळ्याला जास्त खुपते ती हीच. दोन कीफ्रेमच्या मधलं अंतर ब्लेंडर सरळ रेषेत भरत नाही. आपण वेगळं सांगितलं नाही तर तो Bezier पद्धत वापरतो: सुरुवातीला हळू, मध्ये जलद, शेवटी पुन्हा हळू. दार उघडताना किंवा चेंडू उचलताना हे नैसर्गिक दिसतं. अखंड फिरण्यात मात्र दर फेरीला ब्रेक लागतो. Graph Editor उघडा, दोन्ही कीफ्रेम निवडा, `T` दाबून Linear निवडा. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली रेघ सरळ तिरकी झाली की काम झालं.

तिथेच `Shift+E` दाबून Linear Extrapolation पण लावून टाका. त्यामुळे ती तिरकी रेघ पहिल्या कीफ्रेमच्या आधी आणि शेवटच्या कीफ्रेमनंतरही तशीच पुढे जाते. याचा उपयोग पुढे मोशन ब्लरशी येतो.

रेंडर करण्याआधी खात्री कशी करायची? पहिल्या फ्रेमवर जाऊन चित्र नीट बघा, मग २४१ वर जा. तसूभरही फरक दिसता कामा नये. २४० वर मात्र कान किंचित मागे दिसला पाहिजे. Space दाबून स्क्रीनवर चालणाऱ्या झलकेवर भरवसा ठेवू नका. जड दृश्य असेल तर कॉम्प्युटर स्वतःच धापा टाकतो आणि निर्दोष हालचालही अडखळत दिसते. त्याऐवजी View → Viewport Render Animation करून कच्चा व्हिडिओ काढा आणि तो लूपवर लावा.

## पण कॅमेरा वर-खालीही जायला हवा असेल तर?

जगाच्या तोंडातून आतली कल्हई दाखवायची असेल तर कॅमेरा थोडा वर चढायला हवा. इथे दोन हालचाली वेगळ्या ठेवण्यात शहाणपण आहे. फिरणं खुंटीकडे, चढणं-उतरणं खुद्द कॅमेऱ्याकडे.

जगाच्या मध्याच्या उंचीवर दुसरी एम्प्टी ठेवा आणि कॅमेऱ्याला Track To हे कन्स्ट्रेंट लावून तिच्याकडे बघायला लावा. म्हणजे कॅमेरा कितीही वर गेला तरी जग चौकटीत राहतो. मग कॅमेऱ्याच्या Location Z ला तीन कीफ्रेम ठोका: पहिल्या फ्रेमला २० सेंटिमीटर, १२१ व्या फ्रेमला ४५, आणि २४१ व्या फ्रेमला परत २०.

आणि या तीन कीफ्रेमना Linear करायचं नाही! सरळ रेषेत ठेवल्या तर कॅमेरा वर जाऊन टोकाला ठेचकाळतो आणि झटकन खाली वळतो. ब्लेंडरचं मूळचं Bezier इथे हवंच. वरच्या टोकाला आणि लूपच्या सांध्याला चढण्याचा वेग शून्यावर येतो, त्यामुळे सांधा जाणवत नाही. जी सवय फिरण्यात घात करते तीच चढण्यात कामाला येते. ‘सगळे कीफ्रेम निवडा आणि Linear करा’ असा सल्ला बऱ्याच शिकवण्यांत असतो. तो फक्त फिरण्यापुरता खरा आहे.

## फ्रेम रेट ३०च का? सिनेमा तर २४ वर चालतो

नवी फाइल उघडली की ब्लेंडर २४ फ्रेमवर असतो. सिनेमासाठी ते ठीक. पण हा व्हिडिओ बघितला जाणार फोनवर, आणि बहुतेक स्क्रीन सेकंदाला ६० वेळा किंवा त्याच्या पटीत ताज्या होतात. ३० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जाते. २४ ने ६० ला सरळ भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असा हिशेब चालतो. माणसं बोलत असताना हे कळत नाही, पण एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या जगाच्या कडेवर सूक्ष्म थरथर दिसते. भारतातल्या टीव्हीसाठी काम असेल तर २५ घ्या, कारण इथलं प्रक्षेपण त्या मापावर चालतं.

वेगही बघायला हवा. १०८० पिक्सेलच्या चौकोनी चित्रात आपल्या जगाच्या पोटावरचा ठोका एका फ्रेममध्ये साधारण ५ पिक्सेल सरकतो. तेवढं डोळा सहज जोडून घेतो. हीच फेरी ४ सेकंदांत आणि २४ फ्रेमवर बसवली तर तो १२-१३ पिक्सेलच्या उड्या मारतो, कान तर २० हून अधिक, आणि हालचाल तुटक दिसते. घाईची फेरी हवीच असेल तर ६० फ्रेमवर जा, पण त्याच सेकंदांना रेंडरचा वेळ दुप्पट लागेल हे धरून चाला.

मोशन ब्लर, म्हणजे हलत्या वस्तूच्या कडा किंचित पुसट करणं, त्या उड्या झाकतो. आठ सेकंदांच्या फेरीला त्याची गरज नाही. तांबटाने एकेक करून मारलेले ठोके पुसट कशाला करायचे? वेगवान फेरीत तो लावला तर मघाचं Linear Extrapolation कामी येतं. ब्लर काढताना ब्लेंडर फ्रेमच्या थोडं आधीचं आणि थोडं नंतरचं बघतो. पहिल्या कीफ्रेमच्या आधी खुंटी स्थिर असेल तर पहिल्या फ्रेमला निम्माच ब्लर मिळतो आणि लूपच्या सांध्यावर एक फ्रेम जास्त धारदार चमकून जाते.

## थेट एमपी४ का काढायचा नाही?

कारण वीज जाते. समजा एका फ्रेमला ४० सेकंद लागतात; २४० फ्रेमना २ तास ४० मिनिटं झाली. थेट एमपी४ निवडला आणि १८७ व्या फ्रेमला वीज गेली, तर अर्धवट फाइल सहसा उघडतच नाही. गुरुवारी दुपारी रेंडर लावू नये हे पुणेकराला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी उपाय सोपा आहे: प्रत्येक फ्रेम वेगळं पीएनजी चित्र म्हणून साठवा. Output च्या रकान्यात असं लिहा:

```
//render/jug_####
```

सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा म्हणजे ‘ही ब्लेंडर फाइल जिथे आहे तिथेच’, आणि चार चौकटी म्हणजे चार अंकी क्रमांक. खाली Overwrite ची खूण काढून टाका. वीज आल्यावर पुन्हा रेंडर लावलं की झालेल्या फ्रेम ब्लेंडर सोडून देतो आणि राहिलेल्याच करतो. एक काळजी घ्या: वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली शेवटची फाइल आधी पुसा. ती अर्धवट असू शकते, आणि ब्लेंडरला फाइल दिसली की तो ती झालीच असं समजतो.

रेंडर लावण्याआधी रंग एकदा तपासा. Color Management मध्ये View Transform आवृत्ती ४.० पासून AgX असतं. ते प्रखर चमक हळुवार करतं, पण तांब्याचा उजळ भाग फिकट गुलाबीकडे झुकवतं. Standard वर रंग भडक राहतो आणि चमकेचा भाग सपाट पांढरा होतो. तांब्याला मी AgX ठेवून Look मधून थोडा कॉन्ट्रास्ट वाढवीन. ब्रँडच्या ठरलेल्या रंगाचं प्लास्टिक असेल तर Standard.

चित्रं जोडायला ब्लेंडरचं Video Editing पानही चालतं. कमांड लिहायची सवय असेल तर एफएफएमपेग हे व्हिडिओ बनवण्याचं मोफत साधन झटपट करतं; चित्रं ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथेच ही कमांड द्या:

```
ffmpeg -framerate 30 -i jug_%04d.png -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p jug.mp4
```

यातले दोन तुकडे विसरायचे नाहीत. `-framerate 30` राहिलं तर एफएफएमपेग २५ धरतं आणि ८ सेकंदांची फेरी ९.६ सेकंदांची होते. `-pix_fmt yuv420p` राहिलं तर व्हिडिओ तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर काळा पडदा येऊ शकतो, कारण पीएनजीवरून बनवताना रंगांची जी मांडणी आपोआप निवडली जाते ती पुष्कळ फोनना वाचता येत नाही. `-crf` चा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

## मागची बाजू पारदर्शक हवी, किंवा जिफ हवं असेल तर?

एमपी४ मधल्या नेहमीच्या एच.२६४ प्रकारात पारदर्शकता बसतच नाही. Film → Transparent लावून पीएनजी पारदर्शक काढली तरी एमपी४ मध्ये मागे रंग भरलेलाच येतो. म्हणून वेबसाइटच्या पानाचा रंग आधीच विचारून तोच पडद्याला देणं बरं.

जिफमध्ये एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. तांब्यावरची गडद ते उजळ अशी सावकाश बदलणारी छटा तिथे पट्ट्यापट्ट्यांची होते. शिवाय जिफ प्रत्येक चित्राचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतं, त्यामुळे ३० फ्रेमचा वेग त्यात नेमका बसत नाही.

काही दुकानं व्हिडिओऐवजी बोटाने ओढून फिरवायची चित्रं मागतात. त्यासाठी नवं काही करायचं नाही. त्याच फाइलमध्ये Frame Range खालचा Step १० करा आणि साठवण्यासाठी दुसरा फोल्डर द्या. १, ११, २१ असं करत २३१ पर्यंत, पंधरा-पंधरा अंशांवरची २४ चित्रं मिळतात. End २४० वर असल्यामुळे पहिलं चित्र शेवटी पुन्हा येत नाही, आणि बोट कुठल्याही दिशेला ओढलं तरी फेरी जुळते.